सरकारच्या तुटीत अडकलेलं लग्न

त्या वर्षी अख्ख्या नांदेडात सरकारच्या तुटीची काळजी माझ्याइतकी कुणालाच नव्हती. तालुकदारसाहेबांनाही, म्हणजे जिल्ह्याच्या कलेक्टरांनाही, नसावी, कारण ते रोज संध्याकाळी टेनिस खेळायला जात. मला मात्र जेवण गोड लागत नव्हतं. वय चौदा, दोन वेण्या, गुडघ्यावर खरचटलेलं, आणि डोक्यात निजाम सरकारचा जमाखर्च. आज त्या पोरीला समोर बसवून विचारावंसं वाटतं, बाई, तुला कुणी दिवाण नेमलं होतं का?

कारण साधं होतं. मुलींच्या शाळेत वर्ग सातवीपर्यंतच होते. मी सातवी झाले आणि घरी बसले. आठवीचा आणि त्यापाठोपाठ नववीचा वर्ग उघडावा म्हणून तालीम, म्हणजे शिक्षण, खात्याने हैदराबादला मागणी पाठवली होती: शिकवायला एक उस्तानी, एक चपराशीण, काही बाकं, एक फळा. दुसरीकडे लातूरच्या एका वकिलांकडून त्यांच्या मुलासाठी मला विचारणं आलं होतं. अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, दोन्ही गोष्टी एका दोरीला बांधल्या. वर्ग उघडला तर दोन वर्षं शिकू दे. नाही उघडला तर पोरगी घरात बसवून काय करायचं, लातूरला होकार कळवू.

आई म्हणाली, ठीक आहे. आत्या म्हणाली, वर्ग कशाला उघडतो आता, देऊन टाका. मी काहीच म्हणाले नाही, कारण मला कुणी विचारलंच नव्हतं. पण त्या दिवसापासून मी अण्णांच्या मागे लागले.

अण्णा जिल्ह्याच्या खजिन्यात मुहासिब होते. मुहासिब म्हणजे हिशेबनीस. गावभर रुपये वाजत. अण्णांच्या हातून ते नुसते कागदावरून जात. हैदराबादहून जरीदा, म्हणजे सरकारी गॅझेट, आलं की ते दुपारचा चहा विसरून वाचत बसत. त्या वर्षी मवाजना छापून आलं, तेव्हा मी त्यांच्या खांद्यावरून डोकावले. मवाजना म्हणजे सरकारचं वर्षाचं अंदाजपत्रक. उर्दू मला शाळेमुळे वाचता येत होती. अण्णांनी शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं. तिथे एक शब्द होता, खसारा.

“म्हणजे?” मी विचारलं.

“तूट. यंदा सरकारला येणार त्यापेक्षा जाणार जास्त.”

मग म्हणाले, अशा वेळी सगळ्यात आधी कापतात त्या नव्या बाबी. जुन्या उस्तानीचा पगार बंद करता येत नाही, नवी उस्तानी मात्र नेमायची राहू देता येते. तसा हुकूमही आलाय. तालीम खात्याच्या सगळ्या नव्या बाबी मुल्तवी, म्हणजे लांबणीवर. आमचा फळा, बाकं आणि चपराशीण त्या एका शब्दात अडकली. मीही अडकले.

मी त्या दिवशी अंगणात इतक्या फेऱ्या मारल्या की आत्याने विचारलं, पोटात दुखून राहिलं का तुझ्या? मी म्हटलं, न्हाई, सरकारच्या दुखतंय. तिने मला ओवा दिला.

माझ्याजवळ तेव्हा उपाय तयार होता. सांगायला आज लाज वाटत नाही, हसू येतं. हैदराबादला सरकारची स्वतःची टाकसाळ होती. आपला हाली रुपया होता, आपल्या नोटा होत्या. बाहेर ब्रिटिश इलाख्यात कलदार चाले, आमच्याकडे हाली. मग ज्याच्या घरी रुपये पाडायचा साचा आहे, त्याला तूट येतेच कशी? मी अण्णांना सांगितलं, तुम्ही वर लिहून कळवा, थोड्या जास्तीच्या नोटा छापा. माझा चेहरा असा होता की जणू हे आजवर कुणाला सुचलंच नाही.

अण्णा हसले नाहीत. त्यांनी मला बाजारात नेलं. लढाई, म्हणजे दुसरं महायुद्ध, नुकतीच संपली होती. अण्णांनी दुकानदाराला ज्वारीचा भाव विचारला, मग लढाईच्या आधीचा विचारला. दुकानदाराने दोन्ही सांगितले आणि सुस्कारा सोडला. परतताना अण्णा म्हणाले, लढाईत नोटा वाढल्या, ज्वारी तेवढीच राहिली, साखर आणि कापड तर कमीच झालं. नोट छापली म्हणून ज्वारीचं एक कणीस जास्त येत नाही. सरकार छापून खर्च भागवू शकतं, पण मग तुझ्या आईच्या डब्यातल्या रुपयाला कमी ज्वारी येते. कर लावला नाही, वसुलीला शिपाई आला नाही, तरी डब्यातलं थोडं गेलंच. गरिबाच्या डब्यातलं जास्त बोचतं.

मी विचारलं, मग दुसरं काय?

मागे शिल्लक असेल तर ती मोडायची, ते म्हणाले. चांगल्या वर्षांत सरकारने पैसा बाजूला ठेवलेला असतो, कागदांत गुंतवलेला असतो, तो काढायचा. पण तो दर वर्षी काढला तर एक दिवस संपतो. नाहीतर लोकांकडून कर्ज घ्यायचं. सरकार रोखा लिहून देतं: इतकी वर्षं पैसे आमच्याकडे, दर सहा महिन्यांनी व्याज, मुदत संपली की मुद्दल परत.

मी म्हटलं, पण खजिन्यात बँकेचे पैसे येतात की मधूनमधून, तुम्हीच सांगता. ते वेगळं, अण्णा म्हणाले. शेतसारा येतो पीक निघाल्यावर आणि पगार द्यावे लागतात दर महिन्याला, तेवढ्या मधल्या महिन्यांसाठी बँकेकडून हातउसने घेतात आणि सारा आला की फेडतात. ती वर्षाची तूट नव्हे. वर्ष संपल्यावरही जे भरून निघत नाही ती तूट.

हे सगळं त्यांनी मला बाजारातून घरी येईपर्यंत सांगितलं. घरी आल्यावर मी आईला तसंच्या तसं ऐकवलं. मध्येच ज्वारी आणि रोखे एकमेकांत मिसळले, तरी आई मान हलवत राहिली. मला वाटलं, ती भारावली. ती खरं तर माझ्या वेणीतली गाठ सोडवत होती.

मग कर्ज उघडलं. सरकारने जाहीर केलं की अमुक दिवसांत रोख्यांसाठी दरखास्ती, म्हणजे अर्ज, घेऊ, खजिन्यात पैसे भरा. तालुकदारसाहेबांनी गावातल्या पैसेवाल्यांना चहाला बोलावलं: आडते, जिनिंगवाले, दोन सराफ. अण्णाही कागद घेऊन तिथे होते. परत आले तेव्हा बूट काढताना त्यांचं तोंड आंबट होतं. चहा सगळ्यांनी प्यायला, म्हणाले, सही फार थोड्यांनी केली.

का, ते मलाही कळण्यासारखं होतं. इंग्रज जाणार असं सगळीकडे बोललं जात होतं, आणि ते गेल्यावर हैदराबादचं काय होणार हे कुणी सांगू शकत नव्हतं. एका आडत्याने अण्णांना सरळ विचारलं होतं, साहेब, मुदतीपर्यंत रोखा राहील, पण रोखा लिहिणारं सरकार राहील का? अण्णा सरकारी नोकर. त्यांनी ‘इन्शाअल्ला’ म्हणून वेळ मारून नेली. घरी मात्र ते आईला म्हणाले, प्रश्न बरोबर होता. लोक सरकारला पैसे देतात ते व्याजासाठी खरं, पण त्याआधी ते सरकार उद्याही असेल असा भरवसा ठेवतात. तो डळमळला की सरकारला व्याज वाढवावं लागतं, नाहीतर कुणी फिरकत नाही.

माझ्या कानाला एवढंच लागलं: कर्ज भरलं नाही, म्हणजे पुरेशा दरखास्ती आल्या नाहीत, तर मुल्तवी हुकूम उठणार नाही. तो उठला नाही तर लातूर. मी पुन्हा अंगणात. आत्याने पुन्हा ओव्याकडे बघितलं.

नेमकं त्याच आठवड्यात लातूरचे वकीलसाहेब मला बघायला येणार होते.

ते सरकारी मोटारीने, म्हणजे बसने, आले, सगळ्या अंगावर फुफाटा. सोबत मुलगा नव्हता. तेव्हा मुलाने यायचं काही कारण नसे. वकीलसाहेब गोरे, जाड काचांचा चष्मा, बोलण्यात सावकाश, आणि नाकात तपकीर. आईने अर्धापूरची केळी आणि पोहे पुढे ठेवले. त्यांनी पाणी पिऊन अण्णांशी साखरेच्या कंट्रोलवर बोलायला सुरुवात केली. कापड परमिटवर मिळतं, साखर परमिटवर, तूप मिळतच नाही. लग्न करायचं तर हिशेब कसा बसवायचा? दागिन्यांसाठी आणि जेवणावळीसाठी त्यांनी मुलाच्या लग्नाचा पैसा एका आडतीत ठेवून दिला होता. बघू, म्हणाले, वैशाखात उरकू.

मी आतून ऐकत होते, हातात पाण्याचा तांब्या. मला बाहेर बोलावलं. मी पाटावर बसले, मान खाली. त्यांनी नाव विचारलं, सांगितलं. स्वयंपाक येतो का विचारलं, आई माझ्या वतीने हो म्हणाली. ती तेवढं खोटं सहज बोलायची. मग त्यांनी विचारलं, काय शिकलीस?

आता गप्प बसायचं होतं. सगळ्या जगात अशा वेळी मुलीने ‘सातवी’ एवढंच म्हणून थांबायचं असतं. मी म्हटलं, सातवी, आणि आठवी सरकारच्या तुटीमुळे अडकलीय.

आईच्या हातातला चमचा परातीत पडला.

वकीलसाहेबांनी चष्म्याच्या वरून बघितलं. त्यांना वाटलं, पोरीला पाठ करून दिलंय. म्हणून त्यांनी विचारलं, तूट म्हणजे काय ग?

आणि मी सुटले. आवक, खर्च, शिल्लक मोडणं, नोटा छापणं, रोखा. हात हलवत, डोक्यावरचा पदर खाली घसरलेला. वर आपल्या मनाची पुस्ती जोडली: तुमचा पैसा आडतीत आहे, आडत बुडू शकते. सरकार बुडत नाही. तुम्ही रोखा घेतला तर मला आठवी मिळते.

वकीलसाहेबांनी तपकिरीची डबी उघडली आणि बंद केली.

“बरं. मग माझं व्याज सरकार कशातून देणार?”

“पुढच्या कर्जातून,” मी ठणकावलं.

ते हसले. बाहेरच्या खोलीत ते हसू घुमलं आणि आतून आत्याही हसली, तिला काहीही न कळता. माझे कान तापले. मी अण्णांकडे बघितलं.

अण्णा म्हणाले, सरकार बुडत नाही असं कुणीच सांगू नये. फक्त त्याच्याजवळ आडत्यापेक्षा एक गोष्ट जास्त आहे, कर बसवायचा अधिकार. व्याज आवकेतूनच द्यायला हवं. शेतसारा, करोडगिरी म्हणजे जकात, अबकारी. पैसा कालव्यात घातला, जमीन ओलिताखाली आली, तर सारा वाढतो आणि व्याज त्यातून निघतं. पैसा नुसता पगार-भत्त्यांत आणि पोलिसांत गेला तर पुढच्या वर्षी तेवढी तूट परत, वर मागचं व्याज. मग पोरीनं सांगितलं तसंच होतं, व्याजासाठी कर्ज. ती चुकली नाही, तिने नुसतं वाईट दिवसांचं सांगितलं.

आयुष्यात अण्णांनी माझी बाजू चारचौघांत घेतली ती बहुधा तेवढीच. मी मान इतकी वर केली की आईने मागून चिमटा काढला.

वकीलसाहेबांनी पुढ्यातली ताटली ओढली. केळं सोलून खाल्लं. मग म्हणाले, रोख्याची दरखास्त कुठे देतात? अण्णा म्हणाले, खजिन्यात, उद्या उघडेल. माझा जीव भांड्यात पडणार इतक्यात मी आणखी एक शहाणपण केलं. मी म्हटलं, दरखास्तीवर लिहा ना, की हे पैसे नांदेडच्या मुलींच्या आठवीसाठी.

“तशी जागा नसते, पोरी,” अण्णा म्हणाले. “खजिन्यात पडलेला रुपया आपलं गाव विसरतो.”

मला ते पटलं नाही. मला वाटे, लातूरच्या वकिलाचा रुपया बैलगाडीत बसून फळा आणायला जाईल. अण्णांनी समजावलं की कर्जाचा पैसा, साऱ्याचा पैसा, अबकारीचा पैसा सगळा एका ठिकाणी जातो, तिथून पगार निघतात, रस्ते निघतात, तुरुंगाची दाळ निघते. आठवी निघालीच तर त्याच ढिगातून निघेल. मी रुसून आत गेले.

दुसऱ्या दिवशी वकीलसाहेबांनी खरोखरच दरखास्त दिली. आडतीतले पैसे काढून त्यांनी ते पुढच्या आठवड्यात भरले. अण्णांना म्हणाले, साखर-कापड असं आहे तोवर लग्नाला पैसा मोडण्यात अर्थ नाही. आडतीत पडून राहण्यापेक्षा सरकारकडे राहू दे. लग्न पुढे बघू. मुलगी हुशार आहे, थोडी कमी बोलली तर अजून चांगलं.

म्हणजे माझ्या लग्नाचा पैसाच सरकारने उसना नेला! मला मात्र वाटलं, सगळं कर्ज मीच भरून दिलं. मी शेजारच्या मैत्रिणीला सांगितलं, तालुकदारांना जमलं नाही ते मला जमलं. 

मग वाट बघणं. तेवढी अस्वस्थ मी पुढे बाळंतपणातही नव्हते. अण्णा घरी आले की मी त्यांच्या टोपीकडे बघे, टोपी खुंटीवर टांगण्याच्या पद्धतीवरून हुकूम आला की नाही हे कळेल असं मला वाटे. गिरणीचा भोंगा झाला की वाटे, आलं. घाटावर पाणी भरायला गेले तरी मन खजिन्यात. आईने डाळीत मीठ दोनदा घातलं, तेही माझ्यामुळे, असं तिचं म्हणणं.

शेवटी कर्ज भरलं. पण ते भरलं कुणी, हे अण्णांनी मला आनंदात असताना सांगितलं, हे त्यांचं चुकलंच. मोठा भाग बँकेने आणि हैदराबादच्या मोठ्या लोकांनी घेतला होता. जिल्ह्यांचा वाटा थोडा, नांदेडचा त्याहून थोडा, आणि आमच्या वकीलसाहेबांचा त्यात एक थेंब. मी विचारलं, म्हणजे त्यांनी दिले नसते तरी? अण्णा म्हणाले, तरी भरलं असतं. मग माझा चेहरा बघून म्हणाले, पण सगळ्यांनी असंच म्हटलं असतं तर नसतं भरलं.

संक्रांतीच्या आसपास मुल्तवी हुकूम उठला. तालीम खात्याच्या निम्म्या बाबी सुटल्या, निम्म्या पुढच्या वर्षावर गेल्या. आमचा फळा सुटला, उस्तानी सुटली. चपराशीण नाही सुटली. त्यामुळे आठवीच्या मुलींनी वर्ग स्वतः झाडला, आणि पाण्याचा माठ मी भरत असे. मी भरला तो माठ मी किती ऐटीत भरत असे! जणू हैदराबादहून मला तो मंजूर झालाय.

एक वर्ष शिकले. दुसरं वर्ष निम्मं झालं आणि गावातली हवा बिघडली. लोक सामान बांधून बार्शी-सोलापूरकडे, निजामाच्या हद्दीबाहेर, जाऊ लागले, शाळेत मुली येईनात, उस्तानीही निघून गेली. अण्णांनी घाईने लातूरला कळवलं. लग्न वकीलसाहेबांच्या ओसरीवर, आठ-दहा माणसांत, चहा-चिवड्यावर उरकलं. पाटल्या नाहीत, कारण पैसा रोख्यात आणि रोखा पेटीत. मुदत यायची होती. तेव्हा कुणी तो विकतही घेतला नसता, सगळेच विकायला निघालेले.

नवऱ्याने पहिल्या आठवड्यात मला विचारलं, “माझ्या लग्नाचा खर्च सरकारला दे म्हणणारी तूच का?”

मी म्हटलं, “हाव.”

मग निजाम गेला. त्या काळात सासरे पेटी उघडून रोखा बघत आणि पुन्हा ठेवत.  मला वाटे, मी त्यांना बुडवलं. पण नव्या सरकारने जुन्या सरकारची देणी अंगावर घेतली, व्याज येत राहिलं, आणि पुढे हाली जाऊन भारताचा रुपया आला तेव्हा रोख्याचाही हिशेब त्यात बदलून झाला. मुदत भरली त्या दिवशी सासरे लातूरच्या खजिन्यातून पैसे घेऊन घरी आले आणि सगळे माझ्या पुढ्यात ठेवले. हे तुझ्या लग्नाचे, म्हणाले, जरा उशीर झाला.

तोवर मला दोन मुलं झाली होती. ते पैसे परत देणाऱ्या सरकारने ते कुणाच्या तरी साऱ्यातून, कुणाच्या तरी करातून काढले असणार. मी आठवीत बसले तेव्हा त्यातले कित्येक अजून कमवायलाही लागले नसतील.

आम्ही सराफाकडे गेलो. ज्या पैशात तेव्हा पाटल्यांची जोडी आली असती, त्यात आता एकच बसली. सोनं चढलं होतं, मुद्दल तेवढंच होतं. सासऱ्यांनी माझ्या उजव्या मनगटाकडे बघितलं, मग डाव्याकडे.

“दुसरी पाटली सरकारनं खाल्ली,” ते म्हणाले.

“सरकारनं न्हाई, मामंजी. मी खाल्ली. आठवीत.”

ते तपकीर ओढून शिंकले, आणि सराफाला म्हणाले, हिला आणखी शिकवलं असतं तर ही पाटली पण गेली असती.